एका कानाने कमी ऐकू येत असल्यास मोनो ऑडिओ आणि बॅलन्स

मोनो ऑडिओ आणि बॅलन्स ही फोन व संगणकातली दोन ध्वनी-सेटिंग्ज आहेत. मोनो ऑडिओ डाव्या आणि उजव्या चॅनेलचा आवाज एकत्र करून दोन्ही कानांना सारखाच पाठवतो. बॅलन्स एका बाजूचा आवाज दुसरीच्या तुलनेत कमी करतो. बऱ्याच फोनमध्ये ही दोन्ही एकाच पानावर असल्यामुळे त्यांची गल्लत होते. ज्याचा एक कान जवळजवळ निकामी आहे तो साहजिकच बॅलन्सची पट्टी चांगल्या कानाकडे सरकवतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात त्याला मोनोची गरज असते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुलाखतीचे एक ध्वनिमुद्रण आहे. दोन माइक वापरल्यामुळे मुलाखतकाराचा आवाज फक्त डाव्या आणि पाहुण्याचा फक्त उजव्या चॅनेलमध्ये आला आहे. डाव्या कानाने ऐकू न येणाऱ्या श्रोत्याला हेडफोनवर उत्तरे ऐकू येतात, प्रश्न मात्र नाहीत. बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला तर डावा चॅनेल बंद होतो, पण त्यातला मुलाखतकार उजवीकडे येत नाही. हेडफोन उलटे घातले की प्रश्न ऐकू येतात आणि उत्तरे जातात. मोनो सुरू केल्यावरच दोघे एका कानात येतात. सर्व वाद्ये आणि आवाज मध्यभागी ठेवलेल्या ध्वनिमुद्रणात हा प्रश्न जाणवतही नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लक्षात न येण्याची शक्यता असते. खोलीतल्या स्पीकरवरही तो फारसा येत नाही, कारण दोन्ही बाजूंचा आवाज हवेतून एकाच कानापर्यंत पोहोचतो.

मोनो करताना उपकरण साधारणपणे दोन चॅनेलची सरासरी काढते:

```
M = (L + R) / 2
```

दोन्हीकडे सारखाच असलेला आवाज यात तसाच राहतो. फक्त एकाच बाजूला असलेला आवाज मात्र निम्मा होतो, म्हणजे सुमारे 6 डेसिबलने उतरतो. वरच्या उदाहरणात दोघेही थोडे हळू वाटतील. तेवढा आवाज वाढवला की पुरे.

आयफोनमध्ये ही सेटिंग्ज Settings > Accessibility > Audio & Visual येथे आहेत आणि मोनोचे नाव Mono Audio आहे. विंडोज 11 मध्ये Settings > Accessibility > Audio येथे मोनो मिळतो. अँड्रॉइडमध्येही Accessibility मध्येच शोधावे, फक्त उपपानाचे नाव कंपनीगणिक बदलते.

कान पूर्ण निकामी नसून कमजोर असेल तेव्हा बॅलन्सचा खरा उपयोग होतो. पट्टी कमजोर कानाकडे सरकवून, दोन्हीकडे आवाज सारखा वाटेल तिथे थांबायचे. यात कमजोर कानाचा आवाज वाढत नाही, चांगल्या कानाचा कमी होतो. त्यामुळे नंतर एकूण आवाज वाढवावा लागतो, आणि तो वाढवताना चांगल्या कानाला त्रास होत नाही ना, हे पाहायलाच हवे. कमजोर कानात आवाज फाटल्यासारखा येत असेल तर वाढवून स्पष्टता येत नाही. अशा वेळी मोनो सुरू ठेवून बॅलन्स पूर्णपणे चांगल्या कानाकडे नेणेच बरे.

एका बाजूचा आवाज अचानक कमी वाटू लागला तर आधी हेडफोनच्या बाजू अदलाबदल कराव्यात. कमी आवाज त्याच कानात राहिला तर दोष कानात आहे. तो हेडफोनच्या बाजूबरोबर दुसऱ्या कानात गेला तर हेडफोन, ध्वनिमुद्रण किंवा नकळत सरकलेली बॅलन्सची पट्टी तपासावी. कानातच अचानक फरक पडला असेल तर सेटिंग्जमध्ये वेळ न घालवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा बहिरेपणाच्या काही प्रकारांत उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो.

मोनोचाही एक दोष आहे. काही ध्वनिमुद्रणांत एका चॅनेलची लहर दुसऱ्याच्या बरोबर उलटी असते. वायरची जोडणी चुकली किंवा आवाज रुंद भासवण्यासाठी तशी प्रक्रिया केली की असे होते. मग बेरजेत दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात, आणि संगीत चालू असताना गायकाचा आवाज पोकळ होतो किंवा गायबच होतो. मोनो बंद करताच आवाज परत आला तर कारण हेच. तेवढ्यापुरता मोनो बंद ठेवावा, कारण उलटा असला तरी तो आवाज प्रत्येक चॅनेलमध्ये पूर्ण असतो आणि एका कानाला व्यवस्थित ऐकू येतो.

आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळेतल्या आणि तीव्रतेतल्या फरकावरून ओळखतो. मोनोमध्ये हा फरकच उरत नाही. गाणी, बातम्या, व्याख्याने यांत त्याने फारसे बिघडत नाही. पावलांच्या आवाजावरून शत्रूची दिशा ओळखायच्या खेळांत मात्र बिघडते. तिथे आवाजाची दिशा पडद्यावर चिन्हाने दाखवण्याची सोय असेल तर तीच सुरू करावी.