विहिरीचं पाणी आणि चक्रवाढ व्याज

राष्ट्रीय हरित लवादाने एखाद्या कारखान्याला कोटींमध्ये रक्कम भरायला सांगितली की बातम्यांचा मथळा ठरलेला असतो: ‘प्रदूषण करणाऱ्या कंपनीला दंड’. त्याखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. एक जण म्हणतो, बरं झालं, धडा मिळाला. दुसरा म्हणतो, म्हणजे पैसे भरा आणि खुशाल घाण करा. दोघांचंही गृहीतक एकच आहे. ती रक्कम सिग्नल तोडल्यावरच्या पावतीसारखी आहे, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ‘प्रदूषण करील त्याने भरावे’ हे तत्त्व दंडाचं नाही. बिघडवलेली जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांची भरपाई, असा तो हिशेब आहे. शिक्षा म्हणून दंड व्हायचा तर तो वेगळा.

हा हिशेब करायला बसलं की एक अडचण समोर येते. काही गोष्टी पैसे ओतूनही पूर्ववत होत नाहीत. कायद्याला दुसरं तत्त्व, हानी होण्याआधीच ती रोखायच्या खबरदारीचं, का लागलं याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. ते समजून घ्यायला राजस्थानातल्या बिछडीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

बिछडी हे उदयपूर जिल्ह्यातलं गाव. तिथे एकाच आवारात एकाच उद्योगसमूहाचे अनेक कारखाने होते. हिंदुस्तान अ‍ॅग्रो केमिकल्स ओलियम, म्हणजे अतितीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि सुपर फॉस्फेट बनवत असे. फेब्रुवारी 1988मध्ये शेजारच्या सिल्व्हर केमिकल्सने ‘एच-अ‍ॅसिड’ बनवायला सुरुवात केली. कापड रंगवायच्या अ‍ॅझो रंगांचा हा कच्चा माल, आणि तो निर्यातीसाठी होता. आवश्यक परवानग्या घेतलेल्या नव्हत्या. वर्षभराच्या आत, जानेवारी 1989मध्ये, उत्पादन बंद पडलं. तोवर माल निघाला होता सुमारे 375 टन आणि विषारी गाळ 2400 ते 2500 टन. एक टन मालामागे साडेसहा टन गाळ.

इतका गाळ येतो कुठून? सुरुवात नॅप्थलीनपासून होते, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांतला तोच पदार्थ. ओलियम वापरून त्याच्या रेणूवर तीन सल्फोनिक गट, म्हणजे सल्फर आणि ऑक्सिजन असलेले जोड, बसवतात. मग नायट्रिक आम्लाने एक नायट्रो गट जोडतात. आता उरलेलं प्रचंड आम्ल मारायला चुना टाकावा लागतो. चुना आणि सल्फ्युरिक आम्ल यांतून जिप्सम तयार होतं. हा झाला पहिला गाळ, आणि बहुतांश गाळ हाच. पुढच्या पायरीत नायट्रो गटाचं अमिनो गटात रूपांतर करायला लोखंडाचा कीस वापरतात. लोखंड स्वतः गंजून जातं आणि काळपट चिखल मागे राहतो, तो दुसरा गाळ. शेवटी कॉस्टिक सोड्यात दाबाखाली तापवून एका सल्फोनिक गटाच्या जागी हायड्रॉक्सिल गट आणतात आणि आम्ल घालून एच-अ‍ॅसिड खाली बसवतात. प्रत्येक पायरीवर थोडा माल अर्धवट किंवा भलत्याच रूपात राहतो आणि गाळात नाहीतर सांडपाण्यात जातो.

यातलं जिप्सम स्वतः फारसं घातक नाही. घात होतो तो त्याच्यात अडकलेल्या सेंद्रिय रेणूंमुळे, आणि त्यातही त्या सल्फोनिक गटांमुळे. रंगाच्या धंद्यात हे गट मुद्दाम बसवतात, कारण रंग पाण्यात विरघळायला हवा. पाण्यात गेल्यावर या गटांवर ऋण विद्युतभार येतो. मातीतले चिकणमातीचे कण आणि बराचसा सेंद्रिय भागही ऋणभारितच असतो. सारख्या भारांचं एकमेकांशी जमत नाही. त्यामुळे शिसं किंवा तांबं यांचे धनभारित कण माती जसे पकडून ठेवते, तसे हे रेणू ती पकडत नाही. ते पाण्याबरोबर जवळजवळ पाण्याच्याच वेगाने खाली उतरतात. जिवाणूंनाही ते पचत नाहीत. नॅप्थलीनसारख्या कार्बनच्या कड्यांना सल्फर जोडलेले असे रेणू निसर्गात विरळच असल्यामुळे ते तोडायची सोय फार थोड्या जिवाणूंकडे असते.

हे ओळखायची एक सोपी खूण प्रयोगशाळेत मिळते. पाण्यातला सगळा सेंद्रिय मळ रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजतात, तो सीओडी. तोच मळ जिवाणूंना खायला दिला तर ठरावीक दिवसांत ते किती ऑक्सिजन वापरतात, तो बीओडी. घरगुती सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा असतो. एच-अ‍ॅसिडच्या सांडपाण्यात सीओडी प्रचंड आणि बीओडी त्यामानाने नगण्य. म्हणजे मळ भरपूर आहे, पण खाणारं कोणी नाही.

‘जमीन सगळं गाळून घेते’, ‘धरणीमाता शुद्ध करते’ ही श्रद्धा या रेणूंपुढे टिकत नाही. अशा पाण्यात तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसेल, विरघळलेले हे रेणू तसेच राहतील. पाण्याला ‘ऊर्जा’ देणारी चुंबकं आणि मंतरलेले तांबे विकणाऱ्यांकडून तर एवढ्याचीही अपेक्षा नको. दिसायला स्वच्छ म्हणजे प्यायला योग्य, हा समज लोकांच्या जिवावर बेततो.

बिछडीत गाळ आवारात आणि भोवती उघड्यावर टाकला होता. एच-अ‍ॅसिड बंद झाल्यावरही शेजारच्या सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्याचं सांडपाणी त्या गाळावरून वाहत राहिलं आणि त्यातलं विष जमिनीत उतरवत राहिलं. तिथला भूप्रदेश कठीण खडकाचा. अशा खडकात पाणी भेगांमधून फिरतं, आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये फिरतं तसंच. भेगांतून ते लांब जातं आणि कुठल्या विहिरीत निघेल याचा नेम नसतो. सुमारे 350 हेक्टर परिसरातल्या 60 विहिरी बिघडल्या. पाणी काळपट झालं. माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना, पिकाला देता येईना. गावकरी रस्त्यावर उतरले तेव्हा प्रशासनाने 144 कलम लावलं.

ऑगस्ट 1989मध्ये ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने गाळ सुरक्षित पुरायचा आदेश दिला, पण पुरला गेला त्यातला थोडाच. बराचसा इकडेतिकडे पसरून वर माती लोटली होती. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी करून 1994मध्ये अहवाल दिला. त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. गावकऱ्यांच्या नुकसानीचा अंदाज 342.8 लाख रुपये. विहिरी आणि माती सुधारायचा खर्च 3738.5 लाख. म्हणजे माणसांचं मोजता आलेलं नुकसान साडेतीन कोटींच्या आत, आणि भूजल दुरुस्तीचा खर्च त्याच्या जवळजवळ अकरा पट.

हे प्रमाण समजायला भूजल धुतात कसं ते पाहू. बिघडलेलं पाणी पंपाने उपसायचं, वर प्रक्रिया करायची आणि परत सोडायचं, ही नेहमीची पद्धत. सुरुवातीला प्रदूषण झपाट्याने उतरतं आणि मग एका पातळीवर अडून बसतं. मोठ्या भेगांतलं पाणी निघून जातं, पण मधल्या काळात विष झिरपून खडकाच्या बारीक छिद्रांत आणि मातीच्या थरांत शिरलेलं असतं. भेगेत स्वच्छ पाणी आलं की ते हळूहळू उलट बाहेर येतं. पंप बंद केला की काही महिन्यांत विहिरीचं पाणी पुन्हा बिघडलेलं दिसतं. वर्षभराच्या उत्पादनासाठी दशकानुदशकं उपसा चालवावा लागू शकतो.

13 फेब्रुवारी 1996ला न्या. बी. पी. जीवन रेड्डी आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच गैरलागू आहे. नुकसान झालं की जबाबदारी त्याची, आणि तीत पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. कारखाने बंद करायचे, मालमत्ता जप्त करायची, आणि सुधारणेचा खर्च केंद्र सरकारने ठरवून वसूल करायचा, असं ठरलं. पुढे रक्कम ठरली 37.385 कोटी, नीरीचाच आकडा. पैसे आले नाहीत. अर्जांमागून अर्ज होत राहिले. जुलै 2011मध्ये न्या. दलवीर भंडारी आणि न्या. एच. एल. दत्तू यांनी त्या रकमेवर 4 नोव्हेंबर 1997पासून 12 टक्के चक्रवाढ व्याज लावलं. दरसाल हिशेब धरला तर निकालाच्या दिवशी मूळ रकमेच्या साडेचार पटींहून जास्त होते. दिरंगाईतून कंपनीचा फायदा होऊ नये म्हणून हे चक्रवाढ, आणि मला ते पूर्णपणे योग्य वाटतं. पण खडकातल्या विषाला या व्याजाची खबर नसते.

खबरदारीचं तत्त्व इथे येतं. 28 ऑगस्ट 1996ला, बिछडीच्याच वर्षी, तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात (वेल्लोर) सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही तत्त्वं भारतीय कायद्याचा भाग असल्याचं म्हटलं. गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही म्हणून उपाय लांबवायचे नाहीत. शिवाय पुराव्याचं ओझं उद्योगावर: आमच्यामुळे हानी होणार नाही, हे त्याने दाखवायचं. आता 2010च्या हरित लवाद कायद्याच्या 20व्या कलमात ही तत्त्वं लिहिलेलीच आहेत.

याचा प्रत्यक्ष वापर हैदराबादजवळ दिसला. शहराला पाणी पुरवणाऱ्या हिमायतसागर आणि उस्मानसागर तलावांपासून 10 किलोमीटरच्या आत एरंडेल तेलापासून रसायनं बनवणारा कारखाना येत होता. त्याच्या टाकाऊ मालात वापरलेला निकेल उत्प्रेरकही होता. कंपनीचं म्हणणं, सगळं आवरून ठेवू. डिसेंबर 2000मध्ये न्यायालयाने कारखान्याला तिथे परवानगी नाकारली. विहीर बिघडल्याचा पुरावा तिथे कोणाकडेच नव्हता, आणि तो लागलाही नाही.

तत्त्वाला मर्यादा आहेत. ‘धोका असू शकतो’ एवढंच पुरेसं धरलं तर एकही कारखाना उभा राहणार नाही. म्हणून धोक्यामागे वैज्ञानिक आधार आणि हानी भरून न येण्यासारखी असणं, दोन्ही लागतं. एच-अ‍ॅसिडच्या बाबतीत हा आधार कारखाना सुरू होण्याआधीच सहज मिळाला असता. विरघळणारा, मातीला न चिकटणारा, जिवाणूंना न पचणारा पदार्थ, हे रेणूच्या रचनेवरूनच कळतं.

गावाजवळ रसायनांचा कारखाना येणार असेल आणि जनसुनावणी लागली, तर अहवालात आधी पदार्थांचा ताळेबंद शोधावा: एक टन मालामागे किती टन गाळ, त्यात काय अडकलेलं असेल, आणि तो पहिल्या दिवसापासून कुठे जाईल. तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राशी झालेला करार दाखवा, असं म्हणता येतं. आवारातच साठवणार असतील तर खड्ड्याखाली अस्तर कोणतं आणि भोवतीच्या निरीक्षण विहिरी किती, हे विचारावं. त्या विहिरींच्या पाण्याची कारखाना सुरू होण्याआधीची तपासणी लेखी मागून घ्यावी, कारण पुढे भरपाईचा हिशेब त्याच आकड्यांवरून होतो.