गुगल ॲड्स सर्च प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे, परीक्षा आणि सोबत जोडायचा प्रकल्प

परफॉर्मन्स मार्केटिंगच्या नोकरीसाठी येणाऱ्या बहुतेक नवख्या अर्जांत एक प्रमाणपत्र असतं आणि बाकी काहीच नसतं. जाहिरातीवर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयाचं काय झालं हे सांगायचं, हे या कामाचं मूळ. ते नुसत्या प्रमाणपत्रातून कळत नाही. म्हणून इथे दोन अर्जांची प्रक्रिया एकत्र दिली आहे : एक परीक्षेची, दुसरी स्वतःच्या छोट्या जाहिरात खात्याची. परीक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासात होते. खात्याला जास्त वेळ लागतो आणि शिकायला मिळतं ते तिथेच.

परीक्षा कोण देऊ शकतं, फी किती

पदवीची अट नाही. गुगल खातं आणि बरं इंटरनेट एवढं पुरतं. परीक्षा गुगलच्या स्किलशॉप या संकेतस्थळावर होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. ‘प्रमाणपत्र काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो फुकटची वस्तू विकतोय. तिथे सर्च, डिस्प्ले, व्हिडिओ, शॉपिंग, ॲप्स आणि मेजरमेंट अशी वेगवेगळी प्रमाणपत्रं आहेत. सुरुवात सर्चपासून करावी, कारण माणूस काय शोधतोय हे तिथे शब्दांत दिसतं.

कागदपत्रं लागत नाहीत, पण नावाची काळजी घ्या. स्किलशॉपच्या प्रोफाइलमध्ये जे नाव आहे तेच प्रमाणपत्रावर छापलं जातं. ईमेलवरचं लाडकं नाव तिथे राहून गेलं, तर अर्जातलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही. परीक्षेआधीच ते दुरुस्त करून घ्या. खातंही वैयक्तिक वापरा. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलवर दिलेली परीक्षा तो ईमेल बंद झाला की हाताबाहेर जाते.

परीक्षेचा दिवस

साधारण 50 प्रश्न, वेळ 75 मिनिटं, उत्तीर्ण होण्यासाठी 80 टक्के. एकदा सुरू केली की मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे वीज जायच्या वेळेला बसू नका. नापास झालात तर 24 तासांनी पुन्हा देता येते. प्रमाणपत्र एक वर्ष चालतं.

इंटरनेटवर उत्तरांच्या याद्या फिरतात. त्यांतल्या बऱ्याच जुन्या आहेत, कारण गुगल ॲड्समधली नावं आणि पद्धती सतत बदलतात. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही : परीक्षेतलं बरोबर उत्तर हे गुगलच्या नजरेतून बरोबर असतं. बोली यंत्रणेवर सोपवा, शब्दांची व्याप्ती वाढवा, असा तिचा कल असतो. मोठ्या खात्यात ते चालतंही. पण महिन्याला दहा-पंधरा चौकशा येणाऱ्या छोट्या खात्यात यंत्रणेला शिकायला पुरेशी माहितीच मिळत नाही. परीक्षेत गुगलचं उत्तर लिहा, खात्यात आकडे बघून ठरवा.

मेटाचीही प्रमाणपत्रं आहेत. त्यांतलं सुरुवातीचं डिजिटल मार्केटिंग असोसिएट. ही परीक्षा सशुल्क आणि देखरेखीखाली होते, म्हणून सरकारी फोटो ओळखपत्र लागतं आणि नोंदणीतलं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. पहिल्या नोकरीआधी त्यावर पैसे घालायची घाई नको.

जाहिरात खातं : पात्रता आणि कागदपत्रं

इथे वय 18 पूर्ण हवं. खातं उघडताना पहिल्याच पडद्यापासून गुगल तुमच्याकडून मोहीम बनवून घ्यायला बघतं. ती पायरी वगळून आधी नुसतं खातं उघडा, नाहीतर बरेच निर्णय तुमच्या नकळत घेतले जातात. चलन रुपया ठेवा. ते नंतर बदलता येत नाही.

मग जाहिरातदार पडताळणी येते. व्यक्ती म्हणून खातं असेल तर सरकारी फोटो ओळखपत्र, व्यवसाय म्हणून असेल तर व्यवसाय नोंदणीचा कागद. ही पडताळणी अडते ती बहुधा एकाच कारणाने : पेमेंट प्रोफाइलमधलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही कागद परत येतो. ओळखपत्र समोर ठेवून, अक्षर न् अक्षर तसंच भरा. सूचनेत दिलेली मुदत उलटली तर जाहिराती थांबू शकतात.

पैसे आधी भरण्याचा पर्याय नवख्यासाठी बरा, कारण भरलेली रक्कम संपली की जाहिराती थांबतात. मात्र भरलेल्या रकमेतून 18 टक्के जीएसटी वजा होतो : 4,130 रुपये भरले तर जाहिरातीला 3,500 उरतात आणि 630 करात जातात. रोजचं बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र सांभाळला जातो. पहिल्या दिवशी 250 ऐवजी 430 गेलेले बघून घाबरून मोहीम बंद करणारे पुष्कळ.

एक प्रकल्प, आकड्यांसकट

माझी मावशी नाशिकला घरगुती डबे देते. महिन्याचा डबा 2,800 रुपये, त्यात तिला सुटतात साधारण 700. तिच्यासाठी 14 दिवस, रोज 250 रुपयांची सर्च मोहीम चालवली. साधं एका पानाचं संकेतस्थळ, त्यावर व्हॉट्सॲपचं बटण. बटणाची लिंक अशी होती :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dabba-G
```

शेवटच्या `G` मुळे मावशीला आलेल्या पहिल्या मेसेजवरूनच कळायचं की हे गिऱ्हाईक गुगलवरून आलं. इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये त्या जागी `I` ठेवलं. मावशीने एका वहीत तारीख, अक्षर आणि ‘घेतला / नाही घेतला’ एवढंच लिहायचं ठरलं. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

पहिल्या 5 दिवसांत 1,250 रुपये गेले, 62 क्लिक आले आणि चौकशा फक्त 3. शोधशब्दांचा अहवाल उघडला. त्यात सगळे शोध दिसत नाहीत, फार थोड्या लोकांनी केलेले गुगल लपवतं. जे 48 क्लिक शब्दांसह दिसत होते, त्यांतले 21 बिनकामाचे होते. कुणाला स्टीलचा डबा विकत घ्यायचा होता, कुणी डबे पोचवायची नोकरी शोधत होतं, आणि काही जण तर ठाण्या-मुंबईचे निघाले.

शेवटच्या गटाचं कारण ठिकाणाच्या सेटिंगमध्ये होतं. तिथे मूळ निवड `Presence or interest` अशी असते, म्हणजे नाशिकमध्ये असलेले आणि नाशिकमध्ये रस दाखवणारे, दोघंही. देवदर्शनाला येणाऱ्यांमुळे नाशिकमध्ये रस तर अख्ख्या महाराष्ट्राला. ती `Presence` केली. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर संकेतस्थळांवरही जाहिरात दाखवायची, खूणही आधीपासून असू शकते, तीही बघून काढून टाकावी. मग नकारात्मक शब्द घातले, म्हणजे जे शोधात आले तर जाहिरात दिसू नये असे : steel, box, job, jobs, recipe, online. job आणि jobs दोन्ही का? नकारात्मक शब्दांना एकवचन-अनेकवचन आपोआप कळत नाही, दोन्ही रूपं स्वतः घालावी लागतात. मराठी आणि रोमन लिपीतलं लेखन, तेही वेगवेगळं घातलं.

पुढच्या 9 दिवसांत 2,250 रुपयांत 100 क्लिक आले. म्हणजे क्लिक 20 वरून साडेबावीस रुपयांवर गेला, महागच झाला. पण चौकशा आल्या 11. चौकशीमागचा खर्च सुमारे 417 वरून 205 वर आला. स्वस्त क्लिकच्या मागे लागलो असतो तर उलटी वाट धरली असती.

आकडा खोटा आहे हे कसं ओळखायचं

चौदाव्या दिवशी खात्यात 31 रूपांतरणं, म्हणजे व्हॉट्सॲप बटण दाबल्याच्या नोंदी, दिसत होती. वहीत चौकशा 14. मला आधी वाटलं मावशी लिहायला विसरली, तर ती म्हणाली, “अरे, एकच बाई चार वेळा मेसेज करते, मी तिला चार वेळा लिहू का?”

चूक माझीच होती, आणि दोन ठिकाणी. एक, मोजणी `Every` वर होती. तीच व्यक्ती पुन्हा बटण दाबे तेव्हा नवं रूपांतरण धरलं जाई. चौकशीसाठी ती `One` हवी. दोन, बटणाचा तोच क्लिक पानावर बसवलेला गुगल ॲड्सचा टॅगही मोजत होता आणि संकेतस्थळावरची वर्दळ मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्समधून आयात केलेली नोंदही, दोन्ही मुख्य म्हणून. एक दुय्यम करायला हवी होती. खात्याच्या हिशेबाने चौकशी 113 रुपयांना पडत होती. वहीच्या हिशेबाने 250, आणि जीएसटी धरला तर 295. मावशीची जीएसटी नोंदणी नाही, म्हणून कर हा तिच्यासाठी खर्चच.

आता शेवटचा हिशेब. 14 चौकशांतून गिऱ्हाईकं झाली 3. एकामागे खर्च 4,130 भागिले 3, म्हणजे सुमारे 1,377 रुपये. महिन्याला सुटतात 700. म्हणजे पहिल्या महिन्यात तोटा, आणि गिऱ्हाईक पूर्ण दोन महिने टिकलं तर जेमतेम बरोबरी. त्यामुळे मोहीम चांगली की वाईट हे जाहिरातीवरून ठरणारच नव्हतं, डबा किती महिने चालतो यावर ठरणार होतं. दोन महिन्यांनी वही पाहिली तेव्हा तिघांपैकी दोघं टिकून होते. मुलाखतीत विचारण्यासारखं आहे ते हेच.

पैसे नसतील तर

गुगल ॲनालिटिक्सचं डेमो खातं मोफत उघडता येतं. त्यात गुगलच्या स्वतःच्या मर्चंडाइज स्टोअरची खरी माहिती असते. फक्त पाहता येतं, सेटिंग बदलता येत नाहीत. एक प्रश्न घ्या, उदाहरणार्थ मोबाइलवरचे लोक कार्टपर्यंत येतात आणि खरेदीच्या कोणत्या पायरीवर गळतात, आणि एका पानात उत्तर लिहा. स्वतःच्या साध्या पानावर टॅग मॅनेजर बसवून बटणाचा क्लिक मोजायचा सरावही फुकट होतो.

अर्जासोबत काय जोडायचं

प्रमाणपत्राची लिंक, कारण नुसतं चित्र कोणीही बनवतं. प्रकल्पाचं एक किंवा दोन पानी टिपण : उद्देश, खर्च करासकट, काय बदललं आणि कोणत्या तारखेला, आणि खरी मोजणी कशाशी ताडली. बदलांच्या तारखा खात्यातल्या `Change history` मध्ये मिळतात. पडद्याची चित्रं जोडताना गिऱ्हाइकांचे फोन नंबर झाका. कुणाला खातं दाखवायचं असेल तर पासवर्ड देऊ नका, `Read only` परवानगी द्या. आणि खातं मालकाच्याच नावावर असू द्या. मावशीचं खातं मावशीच्या ईमेलवर आहे, मला फक्त परवानगी आहे.

प्रमाणपत्राची मुदत संपायच्या एक महिना आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. नूतनीकरण म्हणजे पुन्हा परीक्षाच, आणि तोवर काही नावं बदललेली असतात.