पत्त्याचा दाखला मागताय की एनओसी?

"साहेब, कर्जासाठी बँकेला सोसायटीचं लेटर हवंय." सेक्रेटरी असताना हे वाक्य ऐकलं की मी आधी एकच विचारायचो, कर्ज कशासाठी? समोरचा थोडा वैतागायचा, पण सोसायटीची लेटरं दोन जातीची असतात. नको ते लेटर नेलं तर बँकेतून परत यावंच लागतं.

पहिलं लेटर पत्त्याचं. हा माणूस आमचा सभासद आहे, अमुक फ्लॅट त्याच्या नावावर आहे, तो इथे राहतो, एवढंच त्यात असतं. गाडीसाठी किंवा वैयक्तिक कर्ज घेताना फ्लॅटला हात लागत नाही, तिथे हे पुरतं. दुसरी असते एनओसी, म्हणजे ना-हरकत. गृहकर्ज असो की घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज, तिथे फ्लॅटच गहाण पडतो. मग बँकेचा बोजा सोसायटीच्या दप्तरी नोंदवू, बँकेला विचारल्याशिवाय फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करणार नाही, अशी हमी बँक सोसायटीकडून घेते. मसुदा बहुधा बँकच देते आणि थकबाकीही विचारते. एवढी जबाबदारी सेक्रेटरीने एकट्याने अंगावर घेऊ नये. कमिटीच्या सभेत ठराव व्हायला हवा, म्हणून वेळ लागतो. पत्त्याचं लेटर मात्र रजिस्टर उघडून त्याच संध्याकाळी देता येतं.

पण पत्ता आधारवर असतोच, मग सोसायटीचं लेटर हवं कशाला? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना अशी ठरलेली यादी आहे. सोसायटीचं पत्र त्या यादीत नाही. आधारला पर्याय म्हणून ते चालेल असं समजू नका. त्याचा खरा उपयोग होतो तो दोन कागदांवरचे पत्ते जुळत नाहीत तेव्हा.

आमच्याकडचंच घ्या. बिल्डरने फ्लॅटना 1, 2, 3 असे सरळ नंबर दिले होते. खाली पार्किंग, वर प्रत्येक मजल्यावर चार घरं. करारनामा, इंडेक्स टू आणि लाइटबिल, सगळीकडे तेच नंबर. पुढे सोसायटी झाली, पाट्या लागल्या आणि मजल्याप्रमाणे नवे नंबर आले. दुसऱ्या मजल्यावर 5 ते 8 होते, म्हणून 7 नंबरवाला 203 झाला. आधारवर बी/203, लाइटबिलावर 7. बँकेच्या माणसाला ही दोन वेगळी घरं वाटली, आणि त्यात त्याची चूक नव्हती. नंबर बदलल्याची गोष्ट सोसायटीशिवाय कोण लिहून देणार?

अशा वेळी अर्ज असा करावा :

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक)

विषय : बँक कर्जासाठी पत्त्याचा लेखी दाखला मिळणेबाबत

महोदय,
मी बी इमारतीतील फ्लॅट क्र. 203 चा मालक व संस्थेचा सभासद असून या फ्लॅटमध्ये राहतो. मी वाहनकर्जासाठी अर्ज केला आहे. माझ्या करारनाम्यात व वीजबिलात याच फ्लॅटचा क्रमांक 7 असा आहे. तरी हे दोन्ही क्रमांक एकाच फ्लॅटचे असल्याचे आणि मी तेथे राहत असल्याचे संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून द्यावे, ही विनंती. या कर्जासाठी फ्लॅट तारण ठेवलेला नाही.

सोबत : इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल व आधार यांच्या प्रती.

आपला विश्वासू,
(नाव, सही, दिनांक)

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. ते वाचल्यावर सेक्रेटरीला बोजाची शंका येत नाही आणि "कमिटीपुढे ठेवतो" असं म्हणून अर्ज बाजूला पडत नाही. नाव मात्र शेअर सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच लिहा. तिथे वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं आद्याक्षर असेल, तर तेही अर्जात सांगून टाका, नाहीतर पत्ता जुळेल आणि नाव अडेल.

"मालक" आणि "राहतो" हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेक्रेटरी फक्त सभासदत्व आणि मालकी लिहून देऊ शकतो. "इथेच राहतात असं लिहा हो, काय फरक पडतो?" असं मलाही एकाने म्हटलं होतं. बँकेचा माणूस पडताळणीला आला, दार भाडेकरूने उघडलं, की लेटरवरची सही माझीच असणार होती. मी "मालक व सभासद आहेत" एवढंच लिहिलं. फ्लॅट नुकताच घेतलेला असेल आणि शेअर अजून आधीच्या मालकाच्या नावावर असतील, तर "सभासद" हा शब्दही मिळणार नाही. मग आधी हस्तांतराचा अर्ज करा, लेटर नंतर मागा.