टायर टणक, तरी रिम वाकडी

नौपाड्याच्या एखाद्या गल्लीतून गॅस सिलिंडरची तीनचाकी सायकल जाताना दिसली, तर तिच्या मागच्या चाकांकडे बघा. 14.2 किलो गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासकट साधारण 30 किलोचा असतो. असे आठ म्हणजे 240 किलो. गाडी 80 आणि चालवणारा 60 किलोचा धरला, तर एकूण 380. पुढच्या चाकावर त्यातले सत्तरेक येतात, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकाच्या वाट्याला 155 किलो. साध्या सायकलच्या मागच्या चाकावर एवढ्याच्या निम्मंही वजन येत नाही.

हे वजन मुख्यतः आतली हवाच पेलते. रबराचा वाटा थोडा. टायरमध्ये चौरस इंचाला 50 पाउंड हवा असेल, तर रस्त्याला टेकलेला दर चौरस सेंटिमीटर साडेतीन किलो उचलतो. 155 किलोंसाठी 44 चौरस सेंटिमीटर टेकायला हवेत, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रुंदीच्या टायरचा बारा-साडेबारा सेंटिमीटर लांबीचा पट्टा. 28 इंची चाकाचा एवढा भाग टेकायला टायर जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर दबतो. हवा 25 पाउंडांवर आली की पट्टा दुप्पट लागतो, आणि दबणं मात्र दुपटीवर थांबत नाही. चाक गोल असल्यामुळे ते दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत जातं. टायरची उंचीच साडेतीनच्या आसपास! मग खचलेल्या पेव्हर ब्लॉकची कड आली की टायर आणि ट्यूब रिमखाली चिरडतात आणि दणका थेट लोखंडाला बसतो.

याची खूण ट्यूबवर सापडते. खिळ्याचं भोक एकच असतं. रिमखाली चिरडलेल्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा असतात. त्याच जागी रिमची कड चेपलेली किंवा बाहेर उमललेली दिसेल. असं पंक्चर काढून पुन्हा तेवढीच हवा भरली, तर उद्या ते होणारच.

हवा मोजणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या धाटणीच्या रबरी नळीवाल्या व्हॉल्व्हमधून हवा आत जाते, पण बाहेर येत नाही, म्हणून साधा गेज लावून काही कळत नाही. अंगठ्याने दाबून बघणं तर जाड टायरच्या बाबतीत निव्वळ समाधान. त्यापेक्षा माल चढवल्यावर खाली वाकून टायर किती फुगतो ते पाहावं. हवा भरायची ती टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यापर्यंतच. त्यापुढे टायर रिमच्या कडेतून निसटू शकतो. तेवढ्या हवेतही टायर बसत असेल, तर दोन सिलिंडर पुढच्या फेरीला ठेवावेत.

आता दुसरी गोष्ट, जी पंपाने सुटत नाही. सायकल वळताना कलते, त्यामुळे जोर चाकाच्या उभ्या पातळीतच राहतो. तीनचाकी कलत नाही. आपली गाडी ताशी 10 किलोमीटरने पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर घातली, तर सुमारे 60 किलो वजनाइतका जोर चाकांना आडवा ढकलतो. शिवाय माल उंच रचलेला असेल, तर आतल्या चाकावरचं पन्नास-साठ किलो वजन बाहेरच्या चाकावर सरकतं.

स्पोकचं चाक उभ्या वजनाला फार दणकट, आडव्याला कच्चं. स्पोक ताणून बसवलेले असतात, आणि वजन आलं की खालच्या तीन-चार स्पोकांचा ताण कमी होतो. हबच्या दोन चकत्यांत अंतर थोडं असल्याने स्पोक जवळजवळ उभेच असतात. आडवा जोर अडवायला त्यांच्याकडे तिरकेपणा नसतो. खालचे स्पोक सैल पडलेत आणि नेमका तेव्हाच गटाराच्या झाकणाच्या कडेचा आडवा धक्का बसला, तर चाक पापडासारखं मुरडतं. लोक ओव्हरलोडला दोष देतात. मी त्याच्या जोडीने सैल स्पोकांनाही देईन, कारण ते आधीपासून सांगत असतात. टिचकी मारा: ताणलेला टणत्कार देतो, सैल खडखडतो. त्यात हे चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं आणि दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा ढिला होऊन पुन्हा ताणला जातो. म्हणून तुटतो तेव्हा बहुतेक हबपाशी, वाकलेल्या मानेवरच तुटतो.

चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढताना कारागीर स्पोकच्या टोकाचं निपल फिरवून डावे-उजवे स्पोक कमी-जास्त ताणतो, आणि डुलणारी रिम बऱ्याचदा सरळ येते. खड्ड्याने आत बसलेली रिम मात्र तशी येत नाही. स्पोक रिमला हबकडे ओढू शकतो, बाहेर ढकलू शकत नाही. तिथले स्पोक ढिले करून वरवर गोलाई साधली, तर ज्या जागी आधार हवा तिथेच तो उरत नाही. अशी रिम बदलावीच लागते.