वर्क ऑर्डर नाही, मग बिल कशाच्या जोरावर?

काम झालं, पण कागद नाही, किंवा कागद आहे पण कायद्यात टिकत नाही. अशा वेळी मजुरी मागायची ती कुठल्या हक्कानं? आधी एक गैरसमज बाजूला करू. भारतीय करार कायदा सगळेच करार लेखी असावेत असं म्हणत नाही. दोन खासगी माणसांमधला तोंडी करार बहुतेक वेळा पक्काच असतो. अडचण तो सिद्ध करण्याची असते. खरा पेच येतो तो कायद्यानं ठरावीक नमुना सक्तीचा केलेला असतो तेव्हा, आणि त्यात सरकार पहिलं.

या प्रश्नाचा जुना इंग्रजी चेहरा फार कठोर होता. ३१ जुलै १७९३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये एका जहाजावर कटर नावाच्या खलाशाला चिठ्ठी लिहून दिली गेली: लिव्हरपूलपर्यंत दुय्यम मेट म्हणून काम पूर्ण केलंस, तर तीस गिनी मिळतील. जहाज २ ऑगस्टला निघालं, २० सप्टेंबरला कटर वारला आणि ९ ऑक्टोबरला जहाज बंदराला लागलं. विधवेनं सात आठवड्यांच्या कामाचे पैसे मागितले. १७९५ साली कोर्टानं एक पैसाही दिला नाही. अशा कामाचा नेहमीचा पगार महिन्याला साधारण चार पौंड असताना कटरनं तीस गिनींचा, म्हणजे साडेएकतीस पौंडांचा, सौदा केला होता, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही ही जोखीम त्यानं पत्करली होती, असा युक्तिवाद मान्य झाला. करार आहे ना, मग हिशेब करारानेच होणार. झालेल्या कामाच्या वाजवी मोबदल्याला इंग्रजी कायद्यात जागा होती, ‘क्वांटम मेरुइट’ या नावानं. पण त्यामागे न बोललेला का होईना, एखादा करार गृहीत धरला जाई.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानं हे गृहीतक टाळलं. त्याचं पाचवं प्रकरण करारासारख्या, पण करार नसलेल्या संबंधांबद्दल आहे, आणि त्यातलं कलम ७० म्हणजे आपल्या विषयाचा कणा. एखाद्यानं कायदेशीररीत्या दुसऱ्यासाठी काही केलं किंवा वस्तू दिली, फुकट देण्याचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानं भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी. कायद्यातली उदाहरणंच बोलकी आहेत. व्यापारी चुकून तुमच्या घरी माल टाकून गेला आणि तुम्ही तो आपलाच समजून वापरला, तर पैसे द्यायचे. पण शेजाऱ्यानं तुमचा माल आगीतून वाचवला आणि तो मदत म्हणूनच धावला होता असं दिसलं, तर तो बिल पाठवू शकत नाही. इथे वचनाचा शोध नाही. लाभ कोणाच्या पदरात पडला, एवढंच बघायचं.

कलम ६५ वेगळं आहे. करार झाला, पण तो निरर्थक असल्याचं मागाहून उघड झालं, तर मिळालेला फायदा परत करायचा. दोन्ही पक्षांना सुरुवातीपासूनच बेकायदेशीरपणा ठाऊक असेल, तर मात्र हे कलम सहसा उपयोगी पडत नाही.

कलम ७० ची खरी कसोटी लागली ती सरकारच्या दारात. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्याच्या कलम १७५(३) प्रमाणे प्रांताचा करार गव्हर्नरच्या नावानं आणि अधिकृत माणसाच्या सहीनंच व्हायला हवा होता. आता १९४४ चं बंगाल बघा. दुष्काळानंतरचे दिवस, नागरी पुरवठा खात्याला धान्य साठवायला गोदामं हवीत. बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदार फर्मनं हुगळी जिल्ह्यातल्या आरामबागला तात्पुरती गोदामं बांधली; त्याचं ३९,४७६ रुपयांचं बिल जुलैत चुकतंही झालं. दरम्यान एप्रिलमध्ये उपविभागीय अधिकाऱ्यानं कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर आणि कारकुनांची खोली सांगितली: बिल २,३२२ रुपये ८ आणे. मग खात्याच्या सहायक संचालकाचं पत्र आलं, आणखी शेड बांधा: १७,००३ रुपये. कामं झाली, खात्यानं वापरली, आणि १९,३२५ रुपये ८ आणे अडकले. गव्हर्नरच्या नावानं करारच नाही, तर देणं कसलं, हा सरकारचा बचाव.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर १९६१ मध्ये निकाली निघाला. मुख्य निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचं, साताऱ्याचे, पुढे सरन्यायाधीश झालेले. सरकारचं म्हणणं असं की कलम ७० खाली पैसे दिले, तर कलम १७५(३) ची सक्ती मागच्या दारानं मोडीत निघेल. निकालानं उत्तर दिलं: नाही, कारण ठेकेदार करार बजावून मागत नाही. करार बजावून घ्यायचा किंवा करारभंगाची नुकसानभरपाई मागायची, तर दरवाजा बंदच आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. शेड बांधून झाल्यावर सरकार म्हणू शकत होतं की आम्हाला नको, काढून न्या. तसं न म्हणता वापरली, तर किंमत द्या. स्वीकारायचं की नाकारायचं, हे समोरच्याच्या हाती असणं, यावर सगळा डोलारा उभा आहे. माझ्या मते निकालाचं शहाणपण इथेच आहे: न मागितलेलं काम गळ्यात मारणाऱ्यालाही हे कलम पैसे देत नाही.

यातूनच दाव्यांतल्या नेहमीच्या चुका कळतात. पहिली म्हणजे ‘ठरलेला दर’ मागणं. करारच टिकत नसेल, तर त्यातला दरही टिकत नाही. मिळते ती वाजवी भरपाई. ही गोष्ट पुण्यातल्याच एका खटल्यात ठळक झाली. महापालिकेला मोटारींचे सुटे भाग पुरवले गेले, पण करार महापालिका कायद्यानं सांगितलेल्या रीतीनं झालेला नव्हता. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुरवठादाराचा कलम ७० खालचा हक्क मानला, आणि भरपाईचं माप म्हणून मालाचा बाजारभाव धरला. म्हणून दाव्यात करारापेक्षा चलनं, मोजमाप वहीतल्या नोंदी, काम ताब्यात घेतल्याचं पत्र, वापर दाखवणारे फोटो आणि त्या काळातले दर यांचं वजन जास्त. वकील मंडळी बहुधा दोन्ही मागण्या एकत्र ठेवतात: आधी तोंडी करार, तो सिद्ध झाला नाही तर पर्यायी म्हणून कलम ७०.

दुसरी चूक उलट बाजूची. वैध करार हाती असताना, तो तोट्याचा ठरला म्हणून वाजवी मोबदल्याकडे धाव घेणं. लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी परशाद फर्मनं हेच केलं. युद्धामुळे परिस्थिती पार बदलली, ठरलेलं कमिशन पुरत नाही, म्हणून जास्तीचे पैसे मिळावेत, असं तिचं म्हणणं होतं. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं: करारात मोबदला ठरलेला आहे, आणि करार जिवंत आहे तोवर क्वांटम मेरुइटचा प्रश्नच येत नाही.

आजचं सरकारी कामही याच चौकटीत येतं. फक्त १७५(३) ची जागा संविधानाच्या अनुच्छेद २९९ नं घेतली आहे. आणि मुदत विसरू नये. मागणीवरून केलेल्या कामाची किंमत, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसताना, मागायची तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद १८ नुसार काम झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. साहेबांच्या ‘बघतो, पुढच्या बजेटमध्ये बसवू’ या तोंडी आश्वासनानं ती वाढत नाहीत. मुदतीच्या आत, देणं मान्य असल्याचं सहीचं पत्र मिळालं, तर मात्र त्या सहीपासून तीन वर्षं नव्यानं मोजली जातात.