गळ्याखालची सावली: ब्लेडपासून लिक्विफायपर्यंत

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा आली की आमच्या सोलापुरातल्या स्टुडिओत एक तक्रार हमखास येते. पांढऱ्या बाराबंदीतला फोटो आहे, चेहरा प्रसन्न आहे, पण हनुवटीखाली आणखी एक हनुवटी दिसते. एरवीच्या फोटोंत त्याच माणसाची ती जाणवत नाही. याचं कारण अंगावरच्या कपड्यात आहे. ऊन छातीवरच्या पांढऱ्या कापडावर पडतं, तिथून वर फिरतं आणि गळ्याखालची सावली उजळून टाकतं.

फोटोत डबल चिन दोन खुणांवरून कळते. जबड्याखालची घडी काळसर रेघ होऊन उमटते आणि तिच्या खालचा फुगीर भाग उजेड पकडतो. तो उजेड काढला की फुगवटा मानेच्या सावलीत मिसळतो आणि जबड्याची कड एकटीच उठून दिसते. या कामाची हत्यारं बदलत गेली, तरी मूळ युक्ती हीच राहिली.

म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रीटच केलेली निगेटिव्ह आणि तिच्या आधीचे-नंतरचे प्रिंट मांडले, तेव्हा लोक चकित झाले होते. ही विद्या पुढे गावोगावच्या स्टुडिओंत पोचली. आमचे अण्णा तिच्यावरच वाढले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: घडीची रेघ तिथे पारदर्शक दिसते आणि उजळलेला फुगवटा काळा. अण्णा तिरप्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून घडीवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरत, म्हणजे प्रिंटमध्ये रेघ फिकी पडे. मग फुगवट्यावरचा काळा थर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडत, म्हणजे तिथे प्रिंट गडद होई. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. म्हणून ते आधी पेन्सिल घेत आणि ब्लेड शेवटी.

हॉलिवूडने १९३० च्या दशकात हेच काम दिव्याने आधीच करून ठेवलं. मुख्य दिवा चेहऱ्यासमोर पण उंचावर लावला की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते आणि जबड्याखाली दाट सावली. मार्लेन डीट्रिशच्या चेहऱ्यावरचा हा उजेड पुढे ‘पॅरामाउंट लायटिंग’ म्हणून ओळखला गेला. दिवा फार वर नेला तर मात्र डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब दिसेनासं झालं की दिवा खाली आणावा.

संगणकावर पिक्सेल सरकवायची सोय फोटोशॉपमध्ये २००० साली, सहाव्या आवृत्तीत आली: लिक्विफाय. तोवर रीटचर मुख्यतः उजेड-अंधार बदलायचा, आता तो आकारालाही सहज हात घालू लागला. २०१६ मध्ये चेहरा ओळखणारे स्लायडर आले. त्यातला Jawline जबडा बारीक करतो, पण खालच्या मांसासाठी वेगळा स्लायडर नाही. Jawline च ओढत राहिलं की माणूस दुसराच दिसू लागतो.

परवा एका काकांचा यात्रेतला फोटो आला. मुलगी म्हणाली, “बारीक करू नका हो, आमचे बाबा ओळखू आले पाहिजेत.” म्हणून आधी आकाराला हातच लावला नाही. उजेड-अंधार बदलणाऱ्या कर्व्हज लेयरने फक्त फुगवटा गडद केला आणि लेयरचा मोड Luminosity ठेवला, नाहीतर गडद केलेली कातडी तांबूस होते. सावलीची वरची कड जबड्यालगत जरा स्पष्ट ठेवली आणि खाली मानेकडे विरघळू दिली. पाऊण काम इथेच झालं.

मग त्या सगळ्याची एकत्र प्रत करून ती स्मार्ट ऑब्जेक्ट केली, म्हणजे केलेला बदल नंतरही मागे घेता येतो, आणि तिच्यावर लिक्विफाय उघडलं. जबड्याची कड आणि बाराबंदीचे बंद Freeze Mask ने झाकले. पिक्सेल ढकलणारा Forward Warp चा ब्रश फुगवट्यापेक्षा मोठा घेतला, दाब वीसच्या आसपास, आणि फुगवट्याची खालची कड दोन-तीन हलक्या धक्क्यांत वर सरकवली. ब्रश लहान असला की कड लाटांसारखी होते. पहिल्या खेपेला एक बंद झाकायचा राहिला होता, तो वाकला आणि लगेच चोरी उघडी पडली. मागची रेलिंग, गळ्यातली माळ, गंधाची रेघ, सरळ किंवा ठराविक आकाराचं जे काही जवळ असेल तेच आधी बोलतं. दाढीच्या खुंटांचं अंतर ताणलेलं दिसतं का, तेही शंभर टक्के झूमवर पाहिलं. शेवटी फोटो आडवा उलटवला. नजर सरावलेली असते, उलटवल्यावर वाकडेपण दिसतं.

मान पूर्ण बाजूने दिसत असेल तर सावलीचा उपयोग थोडाच होतो. तिथे बाह्यरेषाच मागच्या आभाळावर उमटते, आणि ती फार आत ढकलली तर गळा मोडल्यासारखा दिसतो. असे फोटो मी थोडक्यात आवरते घेतो.

याच काकांचा स्टुडिओतला फोटो दुसऱ्या दिवशी घेतला. बाराबंदी तीच होती. चौकटीच्या खाली, मांडीवर काळं कापड अंथरलं, दिवा उंच केला, कॅमेरा डोळ्यांच्या जरा वर नेला आणि म्हटलं, “काका, हनुवटी आधी पुढे, मग किंचित खाली.” त्या फोटोवर लिक्विफाय उघडावंच लागलं नाही.