पहिल्या घासाआधी काय, नंतर काय

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांच्या चिठ्ठीवर रक्त, लघवी, सोनोग्राफी, ईसीजी, डोळे अशी नावं एकाखाली एक असतात. कुठली आधी करायची हे त्यावर नसतं. मग जी रांग लहान दिसेल तिथे माणूस जाऊन उभा राहतो. दुपारी कळतं की एक तपासणी वाया गेली, तिच्यासाठी पुन्हा यावं लागणार. बेळगावात राहणाऱ्याला ते एक वेळ जमतं. जांबोटीच्या पुढच्या एखाद्या गावातून पहाटेची बस धरून आलेल्या बाईसाठी मात्र तो आणखी एक बुडालेला दिवस असतो, शिवाय सोबत आलेल्या सुनेचीही मजुरी जाते.

समजा, अशाच एका साठीच्या मावशी आहेत. दहा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू. अलीकडे जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं. डॉक्टरांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सांगितली आहे. संध्याकाळच्या बसआधी सगळं उरकून पुन्हा डॉक्टरांना भेटायचं आहे.

या दिवसाचे दोन भाग पडतात आणि ते कुठे पडतात हे ठरतं पहिल्या घासावर. घास पोटात गेला की काही तपासण्यांचं दार बंद होतं आणि एका तपासणीचं घड्याळ सुरू होतं.

उपाशीपोटीच्या साखरेला निदान आठ तास पोटात काही नको. रात्री नऊला जेवण, सकाळी आठला रक्त, एवढं पुरेसं होतं. साधं पाणी चालतं. चहा, एकादशीचा फराळ, बसमध्ये तोंडात टाकलेली केळीची फोड यांतलं काहीही चालत नाही. मिसरीही त्या सकाळी नको. तंबाखूतल्या निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि त्याच सकाळी रक्तदाबही मोजायचा असतो. क्रिएटिनिनला उपास लागत नाही, पण सुई एकदाच टोचायची म्हणून त्याचं रक्त याच वेळी काढून घ्यावं.

सोनोग्राफीलाही उपाशी राहावं लागतं, मात्र वेगळ्या कारणासाठी. यकृतात तयार होणारं पित्त उपाशीपोटी पित्ताशयात साठत जातं आणि पित्ताशय फुगतं. फुगलेल्या पित्ताशयात खडा असेल तर तो ठळक दिसतो, त्याच्यामागे काळी सावली पडते, कूस बदलली की तो घरंगळताना दिसतो. तेला-तुपाचं काही खाल्लं की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात ओततं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. आतला बारीक खडा नजरेतून सुटू शकतो, किंवा नसलेली सूज असल्यासारखी वाटते. मावशींचं दुखणं नेमकं त्याच जागी आहे. त्यांनी आधी उप्पीट खाल्लं तर ज्या कारणासाठी सोनोग्राफी सांगितली, तेच नीट बघता येणार नाही.

आता लघवीचं बघू. सोनोग्राफीत मूत्राशय आणि गर्भाशय दिसण्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते. म्हणून तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायला सांगतात. पण तपासणीसाठी लघवीचा नमुनाही द्यायचा आहे आणि तो एवढ्या पाण्यानंतर दिला तर फार पातळ येतो. अल्ब्युमिनचा हिशेब क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढतात, त्यामुळे तिथे पातळपणाचा फरक बराचसा भरून निघतो. साध्या लघवी तपासणीत ती सोय नाही, थोडक्या प्रमाणात असलेलं काही निसटून जाऊ शकतं. म्हणून आल्या आल्या आधी लघवीची बाटली भरून द्यावी, मग रक्त द्यावं आणि त्यानंतर पाणी प्यायला बसावं.

पिशवी भरेपर्यंतचा तास रिकामा जाऊ द्यायचा नाही. ईसीजीला ना उपास लागतो ना भरलेलं पोट, तो या वेळेत होतो. रक्तदाब मात्र या तासात मोजू नये. तुंबलेल्या लघवीने वरचा आकडा दहाएक अंकांनी सहज चढतो, आणि त्या आकड्यावर गोळी वाढली तर घरी गेल्यावर चक्कर येते. सोनोग्राफी झाली, लघवी करून आलं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसलं, की मग दंडाला पट्टा बांधावा.

सगळं मनासारखं जुळलं तर साडेनऊ-दहाला मावशी उपासातून सुटतात. तपासणीचा सगळ्यात नाजूक भाग इथून सुरू होतो आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते.

जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी बघायची असते. दोन तास मोजायचे ते हात धुतल्यापासून नाहीत आणि बिल दिल्यापासूनही नाहीत. म्हणून घास घेताना सुनेने घड्याळ बघून चिठ्ठीच्या कोपऱ्यात वेळ लिहावी: दहा. मग रक्त बाराला. नाष्टा रोजच्या इतकाच हवा. दवाखान्यात आलोय म्हणून दोन बिस्किटांवर भागवलं तर साखर खोटी कमी येते, आणि वडा, शिरा, वर गोड चहा झाला तर ती कोणत्याच रोजच्या दिवसाची राहत नाही. मधल्या दोन तासांत पुन्हा चहा नको आणि बाजारपेठेत खरेदीला चालत जाणंही नको. चालताना स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो.

गोळीचा घोळ याहून मोठा. सकाळची मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ती घरीच राहते. पण नाष्ट्याबरोबर ती नेहमीसारखी घ्यायचीच असते, कारण दुपारच्या आकड्यातून डॉक्टरांना हेच बघायचं असतं की चालू औषधावर जेवण कितपत पेललं जातं. गोळी घरी राहिली, तर उपाशीपोटी १२० आणि जेवणानंतर २८० असे आकडे येतात आणि चालू डोस अपुरा आहे असं वाटतं. डोस वाढवला जातो. मग घरी नियमाने गोळी घेणाऱ्या मावशींची साखर चौथ्या-पाचव्या दिवशी शेतात उतरते. दोन आकड्यांमध्ये असा मोठा फरक दिसला की डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारावा तो गोळी कधी घेतली हा. उलट दुपारचा आकडा सकाळपेक्षा कमी आला तर नाष्टा काय आणि किती झाला ते विचारावं. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीएवनसी, अशा वेळी साक्षीला असेल तर निवाडा सोपा होतो. तिला उपासही लागत नाही.

बाराला दुसरं रक्त दिलं की उरतात डोळे. पडदा बघण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. बाहुली पुरती उघडायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, जुन्या मधुमेहात जास्तच. त्यानंतर चार ते सहा तास उजेड डोळ्यांवर येतो आणि जवळचं अंधुक दिसतं. हे थेंब सकाळी घातले तर मावशींना ना खोलीचे नंबर दिसतील, ना पायरी नीट उमगेल. म्हणून ते दुसऱ्या रक्तानंतर. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत तासभर थांबायचंच असतं, बाहुली त्याच वेळात उघडते, आणि दीड-दोनला डॉक्टरांपुढे बसताना रक्ताचे आकडे आणि पडद्याची स्थिती दोन्ही हातात असतात. मात्र दृष्टीची अक्षरं वाचून घेणं आणि डोळ्यांचा दाब बघणं थेंबांच्या आधी.

हा क्रम मोडतो तो बहुधा सोनोग्राफीपाशी, कारण सगळ्यांत लांब रांग तिथे असते. त्यासाठी सोनोग्राफीचा नंबर रक्त द्यायला जातानाच लावून ठेवावा. तरीही साडेदहा वाजले आणि पुढे अजून दहाजण असले तर? मावशी फक्त मेटफॉर्मिनवर असतील तर थोडं थांबता येतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा रात्रीचं इन्सुलिन असेल तर थांबवून ठेवणं बरोबर नाही, साखर ७० च्या खाली जाण्याचा धोका खरा असतो. हात थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडलं, बोलण्यात गोंधळ दिसला, तर तिथल्या तिथे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. त्या क्षणी सोनोग्राफीचा विचार बाजूला. आणि रक्त सकाळीच देऊन झालेलं असल्यामुळे उपाशीपोटीची साखर सुरक्षित असते, मागे पडतं ते फक्त पित्ताशय. नाष्ट्यानंतर काही न खाता दुपारी चारला ते पुन्हा बघता येतं का, हे सोनोग्राफीच्या खोलीत विचारावं. सकाळइतकं छान नाही दिसत, पण बऱ्याचदा काम भागतं.

हे सगळं मावशींना सांगायचं कोणी आणि कसं, यावर मला वाटतं आपण फार कमी विचार करतो. आपल्या भागात चिठ्ठी इंग्रजीत, खिडकीवरची पाटी कन्नडमध्ये आणि मावशींचं बोलणं मराठीत असतं. बेळगावातल्या बहुतेक सिस्टरना दोन्ही भाषा येतात, पण गर्दीत त्या एवढंच म्हणतात: “मावशी, आधी रक्त, मग सोनो, मग खावा.” क्रम कळतो, कारण कळत नाही. कारण माहीत नसलेला माणूस पहिली अडचण आली की क्रम सोडतो. सोनोग्राफीला वेळ आहे म्हटल्यावर “तवर च्या तरी घेऊया” असं वाटणं अगदी साहजिक आहे.

त्याऐवजी प्रत्येक पायरीला एकच कारण जोडून सांगावं. “मावशी, तुमचं दुखतंय ती पित्ताची पिशवी खाल्लं की आकसते. आकसली की खडा दिसत नाही. म्हणून सोनो होईपर्यंत च्यासुद्धा नको.” मग त्यांनाच विचारावं, “सांगा बघू, गोळी कधी घेणार?” “घरला जाऊन” असं उत्तर आलं तर सांगणं पोचलेलं नाही, पुन्हा सांगायचं. “नाष्ट्याबरोबर” म्हणाल्या तर पोचलं. नुसतं “समजलं का?” विचारलं तर उत्तर नेहमी “हो” असंच येतं, त्यातून काहीच कळत नाही. विचारायच्या गोष्टी तीनच: खाणार कधी, गोळी कधी, दुसरं रक्त किती वाजता. याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि ती सुनेलाही ऐकवावीत, कारण दुपारनंतर वाचण्याचं काम तिच्याकडेच असतं.

सोबत कोणी नसेल तर शेवटचे दोन टप्पे उलटे करावेत. आधी डॉक्टर, गोळ्यांच्या नव्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळच्या ठळक खुणा, त्या मावशींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेणं, आणि मग थेंब. अशा वेळी पडद्याचा रिपोर्ट त्या दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. मधुमेहात पडद्यावरचे बदल सहसा महिन्या-वर्षांच्या चालीने होतात, त्यामुळे तो पुढच्या भेटीत दाखवला तरी चालतो. नजर अचानक अंधुक झाली असेल किंवा डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत असतील तर मात्र ही सवलत नाही. तेव्हा डोळे त्याच दिवशी बघायचे, आणि गोळ्या समजावण्यासाठी गावी कुणाला तरी फोन लावून द्यायचा.